रूममेटकडे राहिलेलं भाडं आणि किराणा मागायचा मेसेज: पाठवण्याआधी तो कसा नीट करावा

मागच्या सप्टेंबरात माझ्या मावसबहिणीने मला रात्री एक मेसेज पाठवला. तो माझ्यासाठी नव्हता. तिला तो तिच्या रूममेटला पाठवायचा होता, आणि वर फक्त एवढंच लिहिलं होतं: "ताई, बग एकदा. पाठवू का?"

या तिघी पुण्यात कर्वेनगरला एका टू बीएचकेमध्ये राहतात. बहीण लातूरची, दुसरी कोल्हापूरची, तिसरी जळगावची, आणि मेसेज जायचा होता तो या जळगावचीला. हॉस्टेलवर असताना आम्ही एकमेकींना गावावरूनच ओळखायचो, इथेही तसंच करते. भाडं २७,०००, म्हणजे प्रत्येकीचे ९,०००. मालकांना तीन ठिकाणांहून तुकड्यातुकड्याने पैसे नको असतात, म्हणून ५ तारखेच्या आत बहीण आपल्या खात्यातून सगळं भाडं भरते आणि बाकीच्या दोघी तिला देतात. दुकानदार आणि दूधवालाही तिलाच ओळखतात, त्यामुळे किराणा आणि दुधाचे पैसेही तिच्याच खिशातून आधी जातात. अशा घरात जी आधी भरते तिच्यावरच नंतर मागायची वेळ येते, आणि ऑगस्ट महिन्यात ती आली होती.

तिने लिहिलेला मेसेज असा होता:

> हाय. ऑगस्टचं भाडं आणि किराणा मिळून जवळपास सहा हजार तू अजून दिले नाहीस. मी दोनदा आठवण केली होती. दरवेळी मलाच का मागावं लागतं कळत नाही. बाकी सगळ्यांनी वेळेवर दिलेत. मलापण खर्च असतात. वाईट वाटून घेऊ नको पण हे बरोबर नाही. प्लीज लवकरात लवकर दे.

शेवटी हात जोडल्याचं चिन्ह होतं. हा मेसेज तसाच गेला असता तर पैसे कदाचित आले असते, पण त्या घरात पुढचे दोन आठवडे कोणी कोणाशी नीट बोललं नसतं. आम्ही तो कसा बदलला ते क्रमाने सांगते. नुकतेच घर सोडून शहरात राहायला आलेल्यांना हा मेसेज वर्षात एकदा तरी लिहावा लागतो, किंवा मित्राचा तपासून द्यावा लागतो.

आधी मेसेजचे दोन ढीग करा

शब्दांना हात लावायच्या आधी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य पैसे मागतंय की राग सांगतंय? वरच्या मेसेजात सात वाक्यं आहेत. पैसे मागणारी फक्त दोन, पहिलं आणि शेवटचं. मधली पाच तक्रारीची आहेत.

तक्रार खोटी नव्हती. बहिणीला खरंच दरवेळी मागावं लागत होतं. पण पैशाचं उत्तर "हो, टाकते" असं दोन शब्दांत देता येतं आणि तक्रारीचं तसं देता येत नाही. दोन्ही एकाच मेसेजात आल्या की वाचणारी तक्रारीला उत्तर देत बसते: "मी दोनदा कुठे विसरले? एकदा तर मी गावी होते." पुढचे वीस मेसेज त्यावर होतात आणि पैशाचा विषय मागे पडतो. म्हणून मी बहिणीला सांगितलं की तक्रार पुसायची नाही, ती वेगळी लिहून ठेवायची आणि पैसे आल्यावर तिघी समोरासमोर बसून बोलायची. तिने ती पाच वाक्यं खरोखरच व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवली. राग कुठेतरी लिहिला गेला की तो दुसऱ्या मेसेजात घुसायची धडपड करत नाही, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय.

मग हिशेब, आणि तोही तिच्या बाजूने

"जवळपास सहा हजार" हे त्या मेसेजातलं सगळ्यात कच्चं वाक्य होतं. मागणारीलाच आकडा नक्की माहीत नसेल तर देणारीला टाळायला जागा मिळते. त्याहून वाईट म्हणजे आकडा जास्त निघाला तर मागणारी लबाड ठरते. मी बहिणीला वही घेऊन बसवलं.

भाड्याचं सोपं होतं. जळगावचीने ९,००० पैकी ५,००० दिले होते, ४,००० राहिले. किराणा, म्हणजे डाळ, तांदूळ, तेल, मसाले, साबण, एकूण ३,६०० चा होता. तिचा वाटा १,२००.

दुधापाशी आम्ही अडलो. रोज एक लिटर, ६० रुपये, ३१ दिवसांचे १,८६०. बहिणीने सरळ तीनने भागून ६२० लावले होते. पण जळगावची राखीपौर्णिमेला गावी गेली ती आजीच्या आजारपणामुळे १२ दिवस तिकडेच राहिली. त्या १२ दिवसांचं दूध दोघींनीच प्यायलं. उरलेले १९ दिवस गुणिले ६० म्हणजे १,१४०, त्याचे तीन वाटे केले की तिचे होतात ३८०.

इथे मी एक साधा नियम पाळते. डब्यात टिकून राहणारी वस्तू, जसं तेल-तांदूळ, सगळ्यांत सारखी वाटायची, कारण कोणी आठवडाभर नसलं तरी ती नंतर खाल्ली जातेच. रोजच्या रोज संपणारी वस्तू, जसं दूध आणि ताजी भाजी, हजर दिवसांवर वाटायची. भाडं मात्र कोणी महिनाभर नसलं तरी पूर्ण, कारण खोली तिच्यासाठी राखलेली असतेच. हा नियम तुमच्या घरात वेगळा असू शकतो. पण मेसेज पाठवायच्या आधी तो तुमच्या डोक्यात स्पष्ट हवा.

शेवटी मी विचारलं, "तिने तुमच्यासाठी काही भरलंय का?" बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की सिलिंडर आला तेव्हा ती एकटीच घरी होती, ९०० तिनेच दिले होते. म्हणजे बहीणच तिला ३०० देणं लागत होती. कोल्हापूरचीकडेही ३०० होते, पण ते आपल्या हिशेबात ओढायचे नाहीत. ते त्या दोघींमधलं आहे. बहिणीने कोल्हापूरचीला फक्त आठवण करून दिली.

तर ४,००० अधिक १,२०० अधिक ३८०, त्यातून ३०० वजा, एकूण ५,२८०. सहा हजार आणि ५,२८० यांत ७२० रुपयांचा फरक आहे. आकडा लहान वाटेल, पण "मी भरलेल्या सिलिंडरचं काय?" असं एक वाक्य तिकडून आलं असतं तर बहिणीला सगळा मेसेज मागे घ्यावा लागला असता. दुसऱ्याचा मेसेज तपासताना हा प्रश्न मी आता कधीच सोडत नाही, कारण आपल्याला एकच बाजू ऐकायला मिळालेली असते.

आणखी एक. सप्टेंबरचं भाडं ५ तारखेला येणार होतं, बहिणीला तेही यातच घालायचं होतं. ते आम्ही काढलं. राहिलेलं आणि येणारं एकत्र केलं की आकडा १४ हजारांवर जातो, आणि मोठा आकडा पाहून माणूस फोन उलटा ठेवून देतो.

"तू" कुठे येतो ते बघा

आता शब्द. मराठीत या कामाची बरीच नाजूक जागा क्रियापदाच्या शेवटी असते. "तू दिले नाहीस" यातला तो शेवटचा "स" सरळ समोरच्याकडे बोट दाखवतो. "तुझे राहिलेत" म्हटलं की वाक्याचा कर्ता पैसे होतात. अर्थ तोच, माहिती तीच, पण पहिल्या वाक्यात माणूस चुकलाय आणि दुसऱ्यात हिशेब अपुरा आहे. म्हणून मी मेसेजात "नाहीस", "केलं नाहीस", "विसरलीस" असे शब्द शोधते आणि प्रत्येकाला उलटवता येतं का बघते. "तू भरलेलास" हे मात्र ठेवायचं, कारण तिथे तिने केलेल्या गोष्टीचं श्रेय तिला जातंय.

मग येतात ते छोटे शब्द. "अजून" घ्या. "अजून राहिलेत" म्हणजे किती दिवस झाले ते मी मोजतेय. "मलाच" मधला "च" म्हणजे तुम्ही सगळे आरामात आहात. "तरीसुद्धा" म्हणजे मी सांगूनही तू ऐकलं नाहीस. "एकदाचे देऊन टाक" यातला "एकदाचे" तर फार बोचतो, त्यात कंटाळा ऐकू येतो. लिहिणाऱ्याला हे शब्द दिसतही नाहीत, ते आपसूक येतात. वाचणाऱ्याला फक्त तेच दिसतात. मेसेज मोठ्याने वाचला की जिथे आवाज आपोआप चढतो तिथे यातला एखादा शब्द बसलेला सापडतो.

"तेवढे" हा शब्द मात्र उपयोगी आहे. "तेवढे टाकशील का" म्हटलं की रक्कम न बदलता ओझं कमी वाटतं. "जरा" दुधारी आहे: "जरा बघ ना" मऊ, "जरा लक्ष दे" कडक.

पैशासाठी कोणतं क्रियापद घेता त्यानेही फरक पडतो. "परत कर" म्हटलं की ते कर्ज होतं, आणि जळगावचीने कर्ज घेतलेलं नव्हतं, तिचा वाटा राहिला होता. "थकलेत" आणि "थकबाकी" हे पतसंस्थेच्या नोटिशीतले शब्द आहेत. "दे" चालतो, पण त्यात हात पुढे केल्यासारखं वाटतं. आमच्या वयाची मुलं-मुली "टाक" म्हणतात, "काँट्री टाक", "दुधाचे टाक", आणि मला तोच सगळ्यात हलका वाटतो. रोजच्या वापरातला शब्द आला की ही मागणीही रोजच्यातलीच वाटते.

"प्लीज" मी काढला. "कृपया" तर सोसायटीच्या फळ्यावर शोभतो. एरवी ज्या मैत्रिणीला "ए, चहा ठेव ना" म्हणतो तिला अचानक "प्लीज" लिहिलं की तिला कळतं, काहीतरी बिनसलंय. हात जोडल्याचं चिन्हही त्याच कारणाने गेलं. आणि "वाईट वाटून घेऊ नको" हे वाक्य तर मी कोणाच्याही मेसेजात राहू देत नाही. ते वाचेपर्यंत तिला वाईट वाटलेलं नसतं.

"बाकी सगळ्यांनी वेळेवर दिलेत" हे वाक्य तुलनेचं आहे. घरात तिघीच आहेत, म्हणजे "सगळ्यांनी" ही एकटी कोल्हापूरची. ती बिचारी या भांडणात नसताना तिला ओढून आणलं जातं, आणि मग जळगावचीला वाटतं की या दोघी माझ्यामागे माझ्याबद्दल बोलतात.

फार मऊही नको

हे सगळं ऐकून बहिणीने दुसरा मसुदा केला तो दुसऱ्या टोकाला गेला:

> सॉरी गं, मला खूप ऑकवर्ड वाटतंय विचारायला. ते ऑगस्टचे थोडे पैसे होते ना... जमलं तर बघ. नाही जमलं तरी चालेल, काही घाई नाही.

यात आकडा नाही, तारीख नाही, आणि "नाही जमलं तरी चालेल" हे खोटं आहे. तिला चालणार नव्हतं. समोरची ते खरं मानेल, कारण तिला तसं लिहून मिळालंय. मग दहा दिवसांनी बहीण चिडली तर जळगावचीच बरोबर ठरेल. आपल्या हक्काच्या पैशांसाठी माफी मागितली की समोरच्यालाही उगीच अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलेला माणूस मेसेज उघडायचं टाळतो. नवख्यांच्या मेसेजात रागापेक्षा ही चूक मला जास्त दिसते, विशेषतः मुलींच्या.

तारीख आणि तिचं खरं कारण

"लवकरात लवकर" म्हणजे कधी, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तारीख लिहायची, आणि ती तारीख का, हेही. कारण खरं हवं. काहीजण मालकांचं नाव पुढे करतात, "मालक मागताहेत." इथे मालकांना पैसे कधीच पोहोचले होते. जळगावची उद्या जिन्यात मालकांना भेटली असती तर दोन वाक्यांत ते उघडं पडलं असतं. बहिणीचं खरं कारण साधं होतं: १२ तारखेला तिला क्लासची फी भरायची होती. ते लिहायचं, एका वाक्यात, रडगाणं न करता. "मलापण खर्च असतात" यात टोमणा आहे, "१२ ला फी भरायचीय" यात माहिती आहे.

तारीख निवडताना समोरच्याकडे पैसे कधी येतात तेही बघायचं. जळगावचीचा स्टायपेंड १० च्या आसपास जमा होतो हे बहिणीला माहीत होतं, म्हणून १० तारीख. मेसेज ३ ला लिहिला होता. ५ तारीख लिहिली असती तर तिच्याकडे "नाही" म्हणण्यावाचून पर्याय नव्हता.

आणि एक दार उघडं ठेवायचं: सगळे एकदम जमत नसतील तर आत्ता किती आणि उरलेले कधी. हे दार ठेवलं नाही तर ज्याच्याकडे पूर्ण रक्कम नाही तो काहीच पाठवत नाही आणि काहीच बोलतही नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक गप्प बसणारे रूममेट याच कारणाने गप्प असतात. त्यांच्याकडे अर्धे असतात आणि अर्धे कसे द्यायचे ते त्यांना सुचत नाही.

लिहिणारीचा आवाज तिचाच राहू द्या

दुसऱ्याचा मेसेज सुधारताना आपली भाषा त्यात शिरते. मी आठ वर्षं पुण्यात आहे, माझं "बग" कधीच "बघ" झालंय. बहीण "बग" म्हणते, "माझ्याकडं" म्हणते, "असंल" म्हणते. मी आधी ते सगळं सरळ करून टाकलं आणि मग लक्षात आलं की हा मेसेज तिचा वाटतच नाही. जळगावची तिच्यासोबत वर्षभर राहतेय. मेसेज कोणीतरी बसून घडवलाय हे तिला पहिल्या ओळीत कळलं असतं, आणि "हिने आमचं बाहेर सांगितलं" हे तिला पैशांपेक्षा जास्त लागलं असतं. मी सगळे शब्द परत तिच्यासारखे केले.

शेवटी गेला तो मेसेज असा:

> अगं ऐक ना, ऑगस्टचा हिशेब काल बसून केला. तुझे ५,२८० राहिलेत बग.
>
> भाडं ४,०००
> किराणा १,२००
> दूध ३८० (तू गावी होतीस ते १२ दिवस धरले नाहीत)
> सिलिंडर तू भरलेलास, त्यातले माझे ३०० वजा केलेत
>
> कुठं चुकलं असंल तर सांग, बिलांचे फोटो आहेत माझ्याकडं. मला १२ ला क्लासची फी भरायचीय, तर १० पर्यंत टाकशील का? एकदम जमत नसतील तर आत्ता किती आणि उरलेले कधी तेवढं सांग, मी तसं बगते.

एकूण रक्कम वर आहे, कारण नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोन ओळीच दिसतात आणि तिला पूर्ण मेसेज उघडायच्या आधीच कळायला हवं की हे कशाबद्दल आहे. बिलांचे फोटो आम्ही सोबत जोडले नाहीत, "आहेत" एवढंच लिहिलं. न मागता पुरावे दिले की कोर्टात उभं केल्यासारखं होतं.

नात्याप्रमाणे सुरुवात बदलेल. मुलगे "अरे ऐक ना" किंवा "भावा" म्हणतील. पण जिथे एरवी "भावा" म्हणत नाही तिथे पैसे मागतानाच ते आणू नका. रूममेट वयाने मोठी, नोकरीवाली असेल आणि तुम्ही तिला ताई म्हणत असाल तर "ताई, ऑगस्टचा हिशेब केला, तुमचे इतके होताहेत" असं. "राहिलेत" ऐवजी "होताहेत" हा मोठ्यांसाठी आणखी एक पायरी मऊ शब्द आहे. आकडा, तारीख आणि अर्ध्याचं दार मात्र तेच.

कुठे आणि कधी पाठवायचा

तिघींचा ग्रुप होता, तिथे अजिबात नाही. ग्रुपवर पैसे मागणं म्हणजे कोल्हापूरचीसमोर मागणं. पाठवायचा तो खासगीत. रात्री अकरानंतर नको, ती शेजारच्या खोलीत जागी असेल आणि सकाळपर्यंत मनात घोळवत बसेल. संध्याकाळी कामावरून येऊन चहा झाल्यावरची वेळ मला बरी वाटते. एकाच घरात राहून मेसेज कशाला, असं बहीण म्हणाली होती. समोर बोललं की समोरचीला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, मग ती "हो हो, देते" म्हणून मोकळी होते. मेसेज वाचून तिला आपल्या खात्यात किती आहेत ते शांतपणे बघता येतं.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. पूर्वी यूपीआयवरून एका व्यक्तीला दुसरीकडे थेट रक्कम मागणारी विनंती पाठवता यायची, म्हणजे तिने पिन टाकला की पैसे येत. फसवणुकी वाढल्यामुळे व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. मला ती तशीही आवडायची नाही, वीजबिल आल्यासारखी वाटायची. पण म्हणूनच आता मेसेजातला आकडा बरोबर असणं महत्त्वाचं, कारण समोरची तोच बघून रक्कम टाइप करणार आहे.

पाठवल्यावर आकडा चुकल्याचं लक्षात आलं तर? व्हॉट्सअॅपवर १५ मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो, पण तिने तो वाचला असेल तर गुपचूप बदलू नका. "माझंच चुकलं, दूध ६२० नाही, ३८०" असा वेगळा मेसेज टाका. आपली चूक आपणच सांगितली की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो.

उत्तर आल्यावर, आणि न आल्यास

जळगावचीचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. आजीच्या औषधांना पैसे गेले होते, ते सांगायला तिला संकोच वाटत होता. तिने ३,००० लगेच टाकले आणि उरलेले १० ला देते म्हणाली. बहीण भारावून "अगं काही घाई नाही, सावकाश दे" लिहायला निघाली होती. मी थांबवलं, कारण त्या एका वाक्याने ठरलेली तारीख पुसली गेली असती. तिने लिहिलं: "मिळाले ३,०००. मग २,२८० राहिले, ते १० ला. आजी कशा आहेत आता?" हिशेब आधी पूर्ण, मग माणूस. आजीची चौकशी खरी होती, म्हणूनच ती पैशांच्या वाक्यात मिसळायची नव्हती.

उत्तरच आलं नाही तर दिलेल्या तारखेच्या आधी काहीही पाठवू नका. निळ्या खुणा झाल्या असल्या तरी. तारीख गेली की दुसऱ्या दिवशी एकच ओळ:

> अगं, काल १० होती. ५,२८० चं कसं करूया? आज जेवताना पाच मिनिटं बोलूया का?

"कसं करूया" मध्ये दोघी एका बाजूला येतात. यानंतर तिसरा मेसेज नाही. जे दोन मेसेजनी झालं नाही ते तिसऱ्याने होत नाही, तिथे समोर बसूनच बोलायचं. तिच्या आई-वडिलांना फोन, स्टेटसला टोमणा, तिचा दुधाचा वाटा बंद करणं, यातलं काहीही केलंत तर पैशांचा विषय संपून अपमानाचा सुरू होतो आणि तो मिटवायचा कोणताही मेसेज मला माहीत नाही.

दोन-तीन महिने असंच चालू राहिलं तर मग प्रश्न शब्दांचा राहत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात साधारणपणे पूर्ण भाडं लिहिलेलं असतं, आत कोणाचा वाटा किती ते नसतं. त्यामुळे मालक पूर्ण रक्कमच मागणार, आणि तुमच्या आपसातल्या वाट्याचा लेखी पुरावा म्हणजे हेच मेसेज आणि यूपीआयच्या नोंदी. म्हणून पैसे पाठवताना शेरा लिहायच्या जागेत "ऑगस्ट भाडं", "ऑगस्ट किराणा" एवढं लिहायची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी. डिपॉझिटमधून वळते करून घ्यायचा विचार असेल तर तो आधी सांगा, खोली सोडायच्या दिवशी नव्हे.

इथे ती वेळ आली नाही. २,२८० ठरल्याप्रमाणे १० ला संध्याकाळी आले. त्या रविवारी तिघी बसल्या आणि बहिणीने स्वतःला पाठवून ठेवलेल्या पाच वाक्यांपैकी एकच काढलं, तेही बदलून: "दर महिन्याला मागायला मला नको वाटतं गं, काहीतरी ठरवूया." किराणा आणि दूध मिळून महिन्याचे साडेपाच हजारांच्या आत जात होते, म्हणजे प्रत्येकीचे १,८०० च्या वर. तिघींनी २,००० ठरवले, १ तारखेला, महिना सुरू व्हायच्या आधीच बहिणीकडे. उरलेल्यातून सिलिंडर. भाडं ३ तारखेपर्यंत, आणि ज्याला उशीर होणार असेल त्याने २ ला स्वतः सांगायचं. दुधाचं कार्ड आता फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं, आणि जी गावी जाते ती जाण्याआधी त्यावर आपल्या नावापुढे तारखा लिहून जाते.